‘कळवतो’ म्हणू नका, वार सांगा

मुलाखत संपताना ‘निकाल लवकर कळवू’ असं मोघम बोलण्यापेक्षा पुढचा निरोप कोणत्या दिवशी येईल ते सांगा. निकाल मॅनेजरच्या रजेत किंवा बजेटच्या मंजुरीत अडकतो. निरोप पाठवणं मात्र तुमच्या हातात असतं. पॅनेलला 2 दिवस लागत असतील तर 4 दिवसांनंतरचा वार द्या.

त्या दिवशी निर्णय झाला नसला तरी मेल जायलाच हवा: ‘तिसरी फेरी अजून ठरलेली नाही, विभागप्रमुख सोमवारपर्यंत बाहेर आहेत. बुधवारी संध्याकाळी 5 पर्यंत पुन्हा लिहितो. तुमचं नाव अजून विचारात आहे.’ शेवटचं वाक्य गाळलं, की उमेदवार नकारच समजतो.

खरी गोची दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराची. पहिल्याच्या होकाराची वाट बघताना याला ताटकळत ठेवलं जातं. त्यापेक्षा फोन करून सांगा: ‘ऑफर दुसऱ्या व्यक्तीला दिली आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर येईल, थांबायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’ पहिल्याने होकार दिला तरी त्याचा नोटीस पिरियड 90 दिवसांचा असू शकतो, आणि तेवढ्यात तो फिरूही शकतो. म्हणून शुक्रवारी नकार कळवतानाच, जागा पुन्हा रिकामी झाली तर फोन केलेला चालेल का, हेही विचारून ठेवा.