पाच हजार रुपये, एकटा माणूस, एक महिना : अटींतून व्यवसायाची वेगळी कल्पना कशी काढावी

मार्च १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. या हकिकतीतील ८० रुपये सर्वांच्या लक्षात राहतात, परंतु मला त्यातील पावसाळा अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, पापड खाटेवर पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. हाताशी मोठे भांडवल नव्हते, म्हणूनच ‘कोणते यंत्र घ्यावे’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘पापडाला नेमके काय लागते’ हा प्रश्न पुढे आला. पापडाला ऊन नव्हे, ऊब लागत होती.

अटींचा उपयोग करायचा तो असा. केवळ काटकसर केल्याने नवी कल्पना सुचत नाही; प्रत्येक अट कोणता प्रश्न विचारते हे ओळखले, तर ती सुचण्याची शक्यता वाढते. येथे आपण तीन अटी घेऊ : खर्चाला ५,००० रुपये, नोकर एकही नाही आणि मुदत ३० दिवसांची.

आधी अटी कागदावर पक्क्या करा

रक्कम वेगळ्या पाकिटात काढून ठेवावी, सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहावी आणि ‘एकटा’ या शब्दाचा अर्थही स्पष्ट करावा. घरातील कोणी फुकट मदत करणार असेल, तर ती नोकरच नव्हे का? माझ्या मते ती मोजली पाहिजे, कारण ती मदत पुढच्या महिन्यात मिळेलच असे नाही. आपल्याकडे आधीपासून असलेली दुचाकी, फोन आणि ओळखी मात्र वापरण्यास हरकत नाही. त्यांची यादी रकमेच्या खालीच लिहावी.

प्रत्येक अटीचा प्रश्न करा

पैशाची अट विचारते : हा खर्च माझ्याआधी कोणी करून ठेवला आहे का, किंवा ग्राहक आधी पैसे देईल असे काय विकता येईल? मनुष्यबळाची अट विचारते : हे काम उत्तम करणारा, पण ग्राहकापर्यंत न पोहोचणारा माणूस कोण? मुदतीची अट विचारते : याच चार आठवड्यांत लोकांना कशाची निकड असते? हा तिसरा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात, आणि वेगळ्या कल्पना बहुधा तिथेच सापडतात, कारण बारमाही धंद्याचा विचार करणारा माणूस चार आठवड्यांच्या गरजेकडे पाहतच नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात टीना सीलिग यांनी विद्यार्थ्यांच्या गटांना पाच डॉलर आणि दोन तास देऊन जास्तीत जास्त कमाई करण्यास सांगितले होते. सर्वाधिक कमावणाऱ्या गटाने त्या पाच डॉलरना हातही लावला नाही. वर्गासमोर सादरीकरणासाठी मिळणारी तीन मिनिटे त्यांनी विद्यार्थ्यांना नोकरीवर घेऊ इच्छिणाऱ्या एका कंपनीला ६५० डॉलरना विकली. खरी किंमत कशाला आहे, हे त्यांना पैशाकडे पाहणे सोडल्यावर दिसले.

तीस कल्पना लिहा, पहिल्या दहा बाजूला ठेवा

तिन्ही प्रश्न समोर ठेवून एका बैठकीत तीस ओळी लिहाव्यात. पहिल्या दहांत डबा, शिकवणी, मसाले, भेटवस्तू हेच येते. ते वाईट नाही, पण ते अटींतून आलेले नसून आठवणीतून आलेले असते. उरलेल्या वीस ओळींपैकी जी कल्पना एखादी अट काढून टाकताच अर्थहीन होते, ती निवडावी. तेच तिच्या वेगळेपणाचे लक्षण आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, महिना मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा आहे आणि गाव पुण्यासारखे मोठे आहे. निकड कशाची, तर पावसाच्या आधी छत्र्या दुरुस्त करून घेण्याची. काम जाणणारा माणूस कोण, तर रस्त्याच्या कडेला बसणारा छत्री दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्याकडे कसब आहे, परंतु सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर माळ्यावर पडलेली मोडकी छत्री त्याच्यापर्यंत जात नाही. तेव्हा कल्पना अशी ठरते : सोसायटीच्या फाटकाशी रविवारी छत्र्या गोळा कराव्यात, निम्मे पैसे तेव्हाच घ्यावेत आणि पुढच्या रविवारी दुरुस्त छत्र्या परत द्याव्यात.

पहिल्या आठवड्यात कारागिराशी दर ठरवावा, त्याला १,००० रुपये उचल द्यावी आणि दोन सोसायट्यांची परवानगी घ्यावी. पावतीपुस्तक, पत्रके आणि क्रमांक आणि काम लिहून प्रत्येक छत्रीला बांधायच्या चिठ्ठ्या यांना ५०० रुपये पुरावेत. तीन रविवारी मिळून ८० नग आले, ग्राहकाकडून सरासरी १२० रुपये घेतले आणि कारागिराला ७० दिले, तर नगामागे ५० या हिशेबाने ४,००० रुपये उरतात. त्यातून पत्रके वगैरेंचे ५००, पेट्रोलचे ७०० आणि हरवलेल्या दोन छत्र्यांची भरपाई म्हणून ५०० वजा केले, की हाती २,३०० राहतात. उचलीची रक्कम कारागिराच्या मजुरीतून वळती होते, म्हणून ती वेगळी धरलेली नाही.

आता स्वतःचे तास मोजावेत. ते ४५ भरले, तर तासाला सुमारे ५१ रुपये पडतात, आणि एवढ्यावर कोणाचाही संसार चालणार नाही. अशा वेळी दर वाढवण्याआधी चिठ्ठ्या वाचाव्यात. काडी बदलणे, खटका बसवणे, कापड शिवणे यांबरोबर दप्तराची चेन आणि रेनकोटचे बटण अशाही चिठ्ठ्या निघाल्या, तर ग्राहक न विचारता काही सांगत आहे. कल्पना छत्रीदुरुस्तीची उरत नाही, ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या दुरुस्ती फेरीची होते : जूनपूर्वी छत्र्या आणि दप्तरे, दिवाळीपूर्वी मिक्सर आणि इस्त्री, थंडीपूर्वी स्वेटर आणि रजया. प्रत्येक वेळी कारागीर वेगळा, पण फाटक तेच आणि पावतीपुस्तकही तेच. त्याच घरातून एका फेरीत तीन नग मिळू लागले, तर जाण्यायेण्याचे तास फारसे न वाढता मिळकत वाढते.

कुठे बिघडते

सर्वांत जास्त बिघाड अट गुपचूप सैल केल्याने होतो. दहाव्या दिवशी ‘आणखी दोन हजार घातले तर’ असे मनात येते. ते घातले, तर कल्पनेची परीक्षा तिथेच संपते, कारण पुढचे यश कल्पनेचे की दोन हजारांचे, हे सांगता येत नाही. दुसरा बिघाड ओळखीच्या ग्राहकांचा असतो. नातेवाइकांनी दिलेले नग वहीत वेगळ्या शाईने लिहावेत आणि निर्णय घेताना ते वगळावेत.

काही क्षेत्रांना ही पद्धत लागूच पडत नाही. खाद्यपदार्थ विकायचे असतील, तर विक्रीपूर्वी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी. औषधे, वीजजोडणी किंवा लहान मुलांचा सांभाळ अशा कामांत एखादी चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, तिथे एका महिन्याची घाई करू नये.

तिसाव्या दिवशी वहीत तीन आकडे असावेत : अनोळखी ग्राहक किती, त्यांतील पुन्हा आलेले किती आणि स्वतःच्या तासाला पडलेली रक्कम किती. पुन्हा येणारे बरेच असून तासाची रक्कम कमी असेल, तर त्याच अटींवर दुसरा महिना घ्यावा आणि फक्त नगांचे प्रकार बदलावेत. पुन्हा कोणीच येत नसेल, तर तासाची रक्कम कितीही चांगली दिसली तरी वीस ओळींच्या कागदाकडे परत जावे.