एका फोटोवरून खुर्ची कशी ओळखावी

जुन्या खुर्चीचा एकच फोटो समोर असला की बहुतेकांचं लक्ष आधी वेताच्या जाळीकडे जातं आणि तिथेच अंदाज चुकतो. जाळी आरामखुर्चीला असते, ऑफिसच्या खुर्चीला असते आणि चंडीगडसाठी वास्तुविशारद पिएर जान्रे यांच्या हाताखाली तयार झालेल्या सागवानी खुर्च्यांनाही असते. शिवाय खुर्चीच्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बदललं जातं ते बैठकीचंच काम. म्हणून जाळी शेवटी बघायची. सुरुवात करायची सांगाड्यापासून.

सोलापुरात नवी पेठेत जुनं फर्निचर बघायला गेलेल्या माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका खुर्चीचा फोटो पाठवला आणि विचारलं, "मामा, ही शिसवी आहे का? घेऊ का?" काळपट पॉलिश, गोल बैठक, कमानीसारखी पाठ, आणि बैठकीवर घडी घातलेली चादर. त्याच फोटोवर एकेक पायरी करून दाखवतो.

पहिली पायरी: प्रकार ठरवा, शैली नंतर. हात आहेत की नाहीत? पाठ सरळ आहे की मागे कललेली? बैठक जमिनीपासून किती उंच आहे? जेवायच्या किंवा हॉटेलातल्या खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटरवर असते, आरामखुर्चीची त्याहून खाली. फोटोत टेप नसते, पण शेजारची फरशी, दाराचा उंबरा, टेबल यांवरून अंदाज येतो. भाच्याच्या फोटोतली खुर्ची बिनहाताची, सरळ पाठीची आणि जेवायच्या उंचीची होती, म्हणजे हॉटेलात किंवा घरात टेबलाशी वापरायची साधी खुर्ची. इथे एक धोका आहे. मोबाइल जवळ नेऊन उभ्याने फोटो काढला तर पाठ मोठी आणि पाय आखूड दिसतात. मी त्याला सांगितलं, "आठ-दहा फूट मागे जा, बैठकीच्या उंचीवर मोबाइल धर, थोडा झूम कर आणि ती चादर काढ." चादरीखाली बैठकीची कड झाकली गेली होती, आणि ती दिसणं गरजेचं असतं.

दुसरी पायरी: मागचा पाय आणि पाठ एकच आहे का ते बघा. या सगळ्यातली ही सर्वांत कामाची खूण. मागच्या एका पायाच्या टोकावर बोट ठेवा आणि वर सरकवत न्या. बोट न अडखळता पाठीच्या कमानीवरून दुसऱ्या पायाच्या टोकापर्यंत उतरलं, तर ती दांडी वाफेवर मऊ करून वाकवलेली असण्याची शक्यता मोठी. अशा खुर्चीला बेंटवुड म्हणतात. विंडसर पद्धतीच्या खुर्चीलाही कमान असते, पण तिथे पाय खालून बैठकीत घुसतात, कमान आणि काड्या वरून. बोट बैठकीशी थांबतं. भाच्याच्या खुर्चीत ते थांबलं नाही. मोठ्या कमानीच्या आत दुसरी छोटी कमान होती आणि बैठकीखाली चारही पायांना धरणारं गोल कडं.

हा सांगाडा मिखाएल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९मध्ये आणलेल्या १४ नंबरच्या खुर्चीच्या घराण्यातला. त्या खुर्चीचं नंतर रूढ झालेलं रूप म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग करून एका घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसत, म्हणून ती जगभर पोचली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांमुळे ही खुर्ची लोकांच्या डोळ्यांत बसली आहे. पण १८६९मध्ये थोनेट यांचा लाकूड वाकवून फर्निचर करायचा एकट्याचा हक्क संपला आणि तीच खुर्ची इतर कारखानेही करू लागले. त्यामुळे आकारावरून घराणं कळतं, कारखाना कळत नाही.

तिसरी पायरी: वळणावर झूम करा. सागवानी नकला खूप झाल्या. सुतार फळीतून कमानीचे तुकडे कापून जोडतो, तेव्हा लाकडाच्या रेषा सरळच राहतात आणि वळणाच्या कडेला तुटून बाहेर पडतात. वाकवलेल्या दांडीत रेषा वळणासोबत वळतात. कापून जोडलेल्या कमानीत वरच्या दोन्ही कोपऱ्यांजवळ सांध्याची बारीक आडवी रेघही दिसते. पॉलिश जाड असेल तर ही खूण लपते, मग टवका उडालेली जागा शोधायची. आपल्या खुर्चीच्या मागच्या पायाचा तळ झिजला होता आणि आत फिकट, गुलाबीसर लाकूड दिसत होतं, त्यावर आखूड बारीक ठिपक्यांसारख्या रेघा. बीच लाकूड असं दिसतं. शिसवी आतूनही गडद असते, सागवान सोनेरी तपकिरी आणि लांब रेघांचं. म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: शिसवी नाही, वरचा काळेपणा पॉलिशचा.

लोखंडी नळीच्या किंवा प्लास्टिकच्या नकलाही असतात. नळीची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी राहते, लाकडी पाय मात्र तळाकडे निमुळता होतो. प्लास्टिकवर साच्याची सरळ रेघ सापडते.

चौथी पायरी: बेमेल भाग शोधा. चारही पाय एकमेकांशी ताडून बघा. या खुर्चीचा पुढचा डावा पाय बाकी पायांपेक्षा जाड होता, निमुळता नव्हता आणि वर बैठकीशी त्याला खिळे मारलेले दिसत होते. तो पाय नंतर कुणी स्थानिक सुताराने बसवला असणार. चादर काढल्यावर बैठकीची जाळीही दिसली. हाताने विणलेल्या जाळीला कडेला ओळीने भोकं असतात आणि प्रत्येक भोकातून वेताची पट्टी आत गेलेली असते. तयार जाळी एका खाचेत ठोकून वर गोल वेत दाबलेला असतो, भोकं नसतात. इथे भोकं होती, पण त्यांतून वेत न जाता प्लास्टिकची चकचकीत पट्टी गेली होती. म्हणजे बैठकीचं कडं जुन्या पद्धतीचं, विणकाम अलीकडचं. एवढ्यासाठी खुर्ची नाकारू नये, पण किंमत ठरवताना बोलून दाखवावं.

पाचवी पायरी: जे दिसलं तेवढंच लिहा. मी भाच्याला कळवलं: "बेंटवुड, हॉटेलची बिनहाताची खुर्ची, थोनेट १४च्या धाटणीची, लाकूड बहुधा बीच, एक पाय बदललेला, बैठक नव्याने विणलेली." 'थोनेटची खुर्ची' असं लिहिलं नाही आणि साल तर मुळीच नाही, कारण ही धाटणी दीडशे वर्षांहून जास्त काळ बनते आहे. इंटरनेटवर ताडून बघताना `bentwood cafe chair` असं शोधा आणि निकालांतल्या खुर्च्यांच्या आतल्या कमानी आपल्या फोटोशी जुळवा. वेगवेगळे नंबर तिथेच वेगळे होतात. `antique chair` टाकलं तर हजार भलत्याच खुर्च्या समोर येतील.

दुकानात माणूस अजून उभा असेल तर आणखी एक फोटो मागवा: खुर्ची उलटी करून बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूचा, टॉर्च तिरका धरून काढलेला. कारखान्याचा दाबलेला शिक्का किंवा कागदी लेबलाचा तुकडा असलाच तर तिथे असतो. थोनेट, कोहन किंवा मुंडुस असं नाव वाचता आलं तर कारखान्याचं नाव घ्यायला काहीतरी आधार मिळतो. भाच्याने तोही फोटो पाठवला. कड्यावर शिक्का नव्हता, रंगाचे दोन थर होते. तेव्हा त्याच्यापुढे ठेवलेलं वर्णन तसंच राहिलं, आणि दुकानदाराने सांगितलेला 'शिसवी अँटिक'चा भाव कमी करायला ते पुरलं.