थंडीतला फ्लू : वराहपालकांसाठी सल्ला

थंडी वाढली की एखाद्या सकाळी दोन-तीन डुकरे खाद्याला तोंड लावत नाहीत, एकमेकांना चिकटून पडून राहतात. दोन दिवसांत निम्मा कळप कुत्रे भुंकल्यासारखा खोकू लागतो. आठवडाभरात बहुतेक डुकरे उठतात आणि पालक ते विसरूनही जातो. विसरू नये, कारण नवा फ्लू तयार व्हायला असा कळप सोयीची जागा असते.

फ्लूचा विषाणू आपल्या जनुकांची नक्कल करताना चुका करतो आणि त्या तपासतही नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रथिनांवरून शरीर त्याला ओळखते, त्यांतही अशा चुका साठत जातात. गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती मग त्याला नीट ओळखत नाही. याला अँटिजेनिक ड्रिफ्ट म्हणतात. माणसांची फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ती मुख्यतः यामुळेच.

दुसरा बदल एका फटक्यात होतो. या विषाणूची जनुके एका सलग धाग्यात नसून 8 सुट्या तुकड्यांत असतात. समजा, ताप अंगावर काढत एक कामगार खाद्य टाकायला आला आणि त्याच आठवड्यात बदकांनी घाण केलेले पाणी डुकरांच्या हौदात गेले. डुकराच्या श्वसनमार्गात माणसाचा आणि पक्ष्याचा, दोन्ही विषाणू शिरू शकतात. एकाच पेशीत दोघे भेटले की तुकड्यांची सरमिसळ होते. हिशेबाने 256 जोड्या निघतात. बहुतेक निकामी ठरतात, पण एखादी जमून गेली आणि तिच्यावरचे प्रथिन माणसांच्या शरीराला अनोळखी असले, तर साथ जगभर पसरू शकते. 2009 चा एच1एन1 असाच घडला. त्याचे 6 तुकडे उत्तर अमेरिकेतल्या डुकरांमधल्या विषाणूचे होते, 2 युरोप-आशियातल्या डुकरांमधल्या विषाणूचे. उत्तर अमेरिकेतला तो विषाणूही आधीच माणूस, पक्षी आणि डुक्कर यांच्या विषाणूंच्या मिश्रणातून आलेला होता.

म्हणून कळपात काम करणाऱ्या प्रत्येकाने हंगामाआधी फ्लूची लस घ्यावी. ती बर्ड फ्लू रोखत नाही. पण माणसाचा विषाणू डुकरापर्यंत पोचण्याची शक्यता कमी करते. ताप-खोकला असलेल्याने वराहगृहात जाऊच नये. आमच्या मते इथेच सर्वांत जास्त ढिलाई होते, कारण बदली माणूस मिळत नाही. तो आधीच ठरवून ठेवा. बदके-कोंबड्या वेगळ्या जागी ठेवा आणि उघड्या तळ्याचे पाणी डुकरांना देऊ नका.

कळप खोकू लागला तर डुकरांची ने-आण थांबवा आणि पशुवैद्यकांना लगेच बोलवा. नाकातला नमुना नुकताच ताप चढलेल्या डुकरांचा द्यावा. बऱ्या होत आलेल्या डुकराच्या नाकात विषाणू बहुधा सापडत नाही, आणि तपासणी वाया जाते.