पत्रकाराला पिच पाठवताय? आधी या चुका टाळा

जनसंपर्काच्या अभ्यासक्रमात दर सत्राला ही असाइनमेंट असतेच: विद्यार्थ्यांच्या एखाद्या स्टार्टअपसाठी मीडिया किट तयार करा आणि पत्रकाराला पिच मेल, म्हणजे बातमी सुचवणारी मेल, लिहा. आणि दर सत्राला माझ्याकडे तपासायला तीच मेल येते. स्टार्टअप वेगळं, लोगोचा रंग वेगळा, मेल मात्र तीच. ‘आम्हाला कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की...’ इथपर्यंत वाचलं की पुढचं न बघता म्हणून दाखवता येतं. शिकवायला लागण्याआधी मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, म्हणून सांगते: तुम्हाला आनंद झालाय याचं डेस्कला काही देणंघेणं नसतं. उद्याच्या पानात काय जाणार, एवढीच तिथे चिंता असते.

‘आम्ही आलो आहोत’ ही बातमी नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त वेळ घालवते.

एका तुकडीतल्या चौघांनी अभ्यासिकेतल्या रिकाम्या जागा मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा बनवली होती. टेबलाखाली एक छोटा सेन्सर बसवायचा. समोर माणूस असला तर त्याच्या शरीराची ऊब आणि हालचाल तो टिपतो, नसला तर ती जागा ॲपवर रिकामी दिसते. काम नीटनेटकं होतं. पिचची सब्जेक्ट लाइन मात्र अशी: ‘विद्यार्थ्यांच्या क्रांतिकारी स्टार्टअपचे दिमाखात पदार्पण’. त्याखाली चार परिच्छेद. पहिल्यात स्वप्न, दुसऱ्यात प्रवास, तिसऱ्यात मार्गदर्शकांचे आभार. यंत्रणा नेमकं काय करते ते चौथ्यात, तेही शेवटच्या ओळीत. सोबत मोठ्या कौतुकाने सजवलेलं बारा पानी किट.

मेल बऱ्याच पत्रकारांना गेली. उत्तर एकाचंही नाही. मग चौघं माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मॅडम, विद्यार्थ्यांना कुणी सिरियसली घेत नाही.’ हे वाक्यही मला पाठ आहे.

मी किट वाचायला घेतलं. नवव्या पानावर ‘चाचणी’ या मथळ्याखाली एक छोटा तक्ता होता. परीक्षेच्या दोन आठवड्यांत त्यांनी 40 जागांच्या एका दालनात रोज दुपारी 3 वाजता फेरी मारून सेन्सरची नोंद आणि प्रत्यक्ष परिस्थिती ताडून पाहिली होती. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जिथे कुणी नाही, पण बॅग, पुस्तकं किंवा पाण्याची बाटली ठेवून जागा अडवलेली आहे, अशा जागा सरासरी 11 निघाल्या. चाळीसपैकी अकरा! बाहेर मुलं जागेसाठी ताटकळत उभी आणि आत बॅगा अभ्यास करतायत. बातमी इथे होती आणि ती या मंडळींनी नवव्या पानावर पुरून ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणाले, ‘तो तर फक्त डेटा आहे, मॅडम.’

स्वतःच्या स्टार्टअपची बातमी शोधताना माझी सवय साधी आहे. स्टार्टअपचं नाव झाकायचं आणि विचारायचं: आता जे उरलं, ते अनोळखी माणूस दुसऱ्याला सांगेल का? ‘अमुक कंपनी सुरू झाली’ यातलं नाव झाकलं की काहीच उरत नाही. ‘चाळीसपैकी अकरा जागांवर नुसत्या बॅगा’ हे नाव झाकूनही उरतं. स्टार्टअप मग त्या बातमीत आपोआप येतं, कारण हे मोजलं कुणी, हा प्रश्न येणारच.

आम्ही मेल नव्याने लिहिली ती अशी:

> विषय: अभ्यासिकेतल्या 40 पैकी 11 जागांवर विद्यार्थी नाही, फक्त बॅग
>
> नमस्कार,
>
> परीक्षेच्या काळात अभ्यासिकांत जागा मिळत नाहीत, यावरची तुमची बातमी वाचली. त्याच प्रश्नाची एक बाजू आम्ही मोजली आहे.
>
> आम्ही चार विद्यार्थ्यांनी एका दालनातल्या 40 जागांना सेन्सर लावले. परीक्षेच्या दोन आठवड्यांत दुपारी 3 वाजता सरासरी 11 जागा सामान ठेवून अडवलेल्या आढळल्या. तिथे अर्ध्या तासाहून अधिक वेळ कुणीच नव्हतं. ही पाहणी एकाच अभ्यासिकेतली आहे.
>
> रोजच्या नोंदींचा तक्ता, फोटो आणि यंत्रणेची माहिती खालच्या लिंकवर आहे. ग्रंथपाल बोलायला तयार आहेत. दालन प्रत्यक्ष पाहायचं असल्यास या आठवड्यात कधीही दाखवू.

खाली नाव, फोन नंबर, लिंक. संपलं. ‘क्रांतिकारी’ गेलं, मार्गदर्शकांचे आभार गेले. चौघांपैकी एकाचा चेहरा पडला होता, कारण ‘प्रवास’ त्याने लिहिला होता.

यातलं ‘ही पाहणी एकाच अभ्यासिकेतली आहे’ हे वाक्य मुलांना काढायचं होतं. आपणच आपली मर्यादा का सांगायची? कारण बातमीदार पहिला प्रश्न तोच विचारणार. दुसरा प्रश्न असेल, ‘बॅग आहे हे सेन्सरला कसं कळलं?’ उत्तर सरळ आहे: सेन्सरला नाही कळत, ते फेरी मारणाऱ्याने पाहिलं. हे फोनवर अडखळत सांगण्यापेक्षा तक्त्याखाली दोन ओळींत लिहिलेलं बरं. आकडा कसा काढला हे लिहिलेलं नसेल, तर सावध उपसंपादक तो आकडाच उडवतो. आणि आकडा उडाला की या बातमीत राहतं काय?

ग्रंथपालांचं वाक्यही उगाच घातलेलं नाही. बातमीत ज्याचा संबंध येतो त्याला बातमीदार फोन करतोच. त्या माणसाला हे प्रकरण पहिल्यांदा बातमीदाराच्या तोंडून कळलं, तर तो ‘मला काही माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो आणि बातमी तिथेच अडते. पिच पाठवण्याआधी त्यांना तक्ता दाखवा, बोलायला तयार आहेत का ते विचारा. नाही म्हणाले तर हे वाक्य लिहू नका.

लिंक तुमच्याकडे उघडते, म्हणजे सगळीकडे उघडते असं नाही

नव्या मेलला शिक्षणाची बीट पाहणाऱ्या एका बातमीदाराचं उत्तर आलं. बातमी दुसऱ्या दिवशीच्या पानासाठी धरली होती. संध्याकाळी डेस्कने फोटोसाठी लिंक उघडली आणि समोर आलं: You need access.

झालं होतं असं, की फोल्डर कॉलेजच्या खात्यावरून बनवला होता. अशा खात्यांत शेअरिंग बहुधा संस्थेपुरतंच मर्यादित असतं. चौघांनी आपापल्या फोनवर लिंक तपासली होती, पण चौघंही कॉलेजच्याच खात्यातून लॉगिन केलेले! त्यामुळे सगळ्यांना उघडत होती. डेस्कने परवानगी मागितली, तर ती विनंती फोल्डरच्या मालकाकडे गेली. मालक म्हणजे डिझाइन करणारा मुलगा, आणि तो तेव्हा प्रॅक्टिकलला बसला होता. मेलमधल्या नंबरवर फोन केला, तो सायलेंटवर. पान लावायची वेळ झाली आणि बातमी फोटोशिवाय, आतल्या पानावर, एका कोपऱ्यात लागली. फोटो हाताशी असता तर ती वर गेली असती, असं बातमीदाराने नंतर स्वतः सांगितलं.

यावरचा उपाय करायला मिनिटही लागत नाही, म्हणूनच कुणी करत नाही. लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोत उघडा. तिथे तुम्ही कुणीच नसता, अगदी पत्रकारासारखे. लॉगिन मागितलं, तर सेटिंग Anyone with the link वर न्या आणि Viewer ठेवा. Editor ठेवलंत तर कुणीही फाइलमध्ये फेरफार करू शकतं. कॉलेजच्या खात्यात हा पर्यायच बंद असेल, तर किटसाठी वेगळं खातं काढा. तसंही पदवी मिळाल्यावर कॉलेजचं खातं बंद होण्याची शक्यता असते, आणि जुन्या बातमीतली लिंक सहा महिन्यांनी उघडणारी माणसं असतात.

‘मग फाइल थेट मेललाच जोडू ना’ हा शॉर्टकट दर वर्गात कुणीतरी सुचवतंच. जोडू नका. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, अनेक कार्यालयांची त्याहून कमी असते, आणि अनोळखी माणसाची जड अटॅचमेंट उघडायला कुणी उत्सुक नसतं. मजकूर मेलमध्ये, बाकी सगळं लिंकवर.

किटमध्ये सजावट नको, उचलता येईल असा माल हवा

बारा पानांची देखणी पीडीएफ डेस्कच्या काहीच कामाची नसते. तिच्यातला फोटो धड बाहेर काढता येत नाही, मजकूर कॉपी करायला गेलं की ओळी तुटतात आणि मराठी जोडाक्षरांचा तर चुराडा होतो. फोल्डर करा आणि त्यात सुट्या फाइल ठेवा: एका पानाची तथ्यपत्रिका, बातमीचा मजकूर साध्या दस्तऐवजात, नोंदींचा तक्ता, संस्थापकांची दोन-दोन ओळींची ओळख, लोगोची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी आणि तीन-चार फोटो.

फोटो कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून आलेली मूळ फाइलच हवी. छपाईसाठी साधारण 300 डीपीआय धरतात, म्हणजे पानावर 6 इंच रुंद फोटोला 1800 पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवरून दोन-तीन ग्रुप फिरून आलेला फोटो तुमच्या मोबाइलवर झकास दिसेल, कागदावर पिठूळ होईल. विषयही बघा. चौघं हाताची घडी घालून भिंतीसमोर उभे, हा फोटो प्रत्येक किटमध्ये असतो. या बातमीला हवा होता तो रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलेल्या बॅगेचा. फोटोत इतर विद्यार्थी ओळखू येत असतील तर त्यांची परवानगी घ्या. फाइलचं नाव IMG_4032.jpg ठेवू नका; त्यात काय दिसतंय ते नावात लिहा. डावीकडून कोण कोण आणि फोटो कुणी काढला, हे ओळींत लिहून वेगळ्या फाइलमध्ये द्या.

आणखी काही, थोडक्यात

एकच मेल बीसीसीमध्ये सगळ्यांना टाकणं: लगेच ओळखू येतं, आणि बीसीसीऐवजी सीसी झालं तर विचारायलाच नको. पाचच जणांना पाठवा, पण प्रत्येकाच्या अलीकडच्या बातम्या वाचून.

पत्रकाराचं नाव चुकवणं: यावर मी काही बोलत नाही, गुण कापते.

‘देशातील पहिले’: सिद्ध करता येत नसेल तर खोडा.

मेलच्या माथ्यावर ‘अमुक तारखेपर्यंत एम्बार्गो’ लिहून बिनधास्त होणं: एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी छापायची नाही ही अट; समोरच्याने ती आधी मान्य केली तरच तिला अर्थ. न विचारता पाठवलेल्या मजकुरावर ती कुणालाच बांधत नाही.

पाठवल्यावर तासाभरात ‘मेल मिळाली का?’ म्हणून फोन करणं: मिळालेली असते. दोन-तीन दिवस थांबा, मग त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा, आणि त्यात काहीतरी नवं द्या, उदाहरणार्थ पुढच्या आठवड्याचा आकडा. संध्याकाळी पानं लागत असताना फोन तर अजिबात नको. त्यावरही उत्तर आलं नाही, तर तो विषय त्या पत्रकारापुरता सोडा आणि दुसऱ्याच्या बातम्या वाचायला घ्या.