मीटिंगमध्ये, वर्गात बोलायची वेळ आली की पाय लटपटतात? निदान या चुका तरी करू नका

मी बीएडच्या मुलामुलींचे सराव पाठ बघते. बरीच वर्षं झाली. मागच्या बाकावर बसायचं, निरीक्षण वही मांडीवर, आणि समोर एक बावीस-तेवीस वर्षांचं पोर खडू हातात धरून असं उभं असतं की जणू फाशीच द्यायला आणलंय. दरवर्षी मुलं नवीन, चुका मात्र त्याच. आता भाचीला नोकरी लागली, हिंजवडीला, आणि तिच्या सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगच्या कहाण्या ऐकल्या तेव्हा कळलं की तिकडेही तेच चाललंय, फक्त खडूच्या जागी लॅपटॉप.

सगळ्यात मोठी चूक, जिच्यावर मी घसा कोरडा होईपर्यंत बोलते, ती म्हणजे अख्खं भाषण शब्दन् शब्द पाठ करणं.

हे मी स्वतः केलेलं आहे म्हणून सांगते. माझा पहिला सराव पाठ, आठवीचा वर्ग, विषय प्रकाशसंश्लेषण. पाठ टाचण इतकं सुंदर लिहिलेलं की लाल-निळ्या पेनाने अधोरेखित वगैरे, आणि ते सगळं मी तीन रात्री जागून तोंडपाठ केलं, अगदी "मुलांनो, आज आपण एका गमतीशीर कारखान्याची ओळख करून घेणार आहोत" इथपासून. पहिली चार मिनिटं झकास गेली. मग तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मग रात्री झाड काय करतं?" उत्तर मला येत होतं हो! बीएस्सीला वनस्पतीशास्त्र होतं माझं. पण ते टाचणात त्या जागी नव्हतं. मी "छान प्रश्न" म्हणाले आणि पुढचं वाक्य आठवायला गेले तर डोक्यात नुसती पांढरी भिंत. तळहाताला घाम येऊन खडू ओला झाला, कान तापले, आणि शेवटी तोंडातून काय निघालं तर "मुलांनो, आज आपण एका गमतीशीर कारखान्याची..." वर्ग खो-खो हसला. मागे बसलेल्या आमच्या सरांनी वहीत काहीतरी लिहिलं, ते काय होतं हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

असं का होतं ते बघा. पाठ केलेला मजकूर पाढ्यासारखा असतो. कुणाला अचानक सतराचा पाढा मधूनच विचारा, बरेच जण मनात सतरा एके सतरापासून सुरुवात करतात, कारण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला बांधलेली असते. घाबरलेल्या अवस्थेत डोक्याची अर्धी जागा "मी कशी दिसतेय" यातच खर्च होते, त्यात मधे एक कडी तुटली की परत जोडायला जागाच उरत नाही. मग माणूस पुन्हा पहिल्यापासून तरी सुरू करतो नाहीतर गप्प होतो.

माझी पद्धत म्हणाल तर अशी, पद्धत म्हणजे सवयच आहे ती. पहिली दोन वाक्यं पाठ, शेवटचं एक वाक्य पाठ, आणि मधे फक्त तीन शब्द. बस. भाचीला तीन मिनिटांत तिच्या टीमचं काम सांगायचं होतं तेव्हा तिच्याकडे चार पानं टाइप केलेली होती. मी ती बाजूला ठेवायला लावली आणि एका छोट्या कार्डावर लिहायला सांगितलं: "पूर्ण, अडकलं, हवंय". म्हणजे काय पूर्ण झालं, काय अडकलंय, आणि कुणाकडून काय हवंय. मग स्वयंपाकघरात उभं राहून, मोठ्याने, तीन वेळा बोलायचं. अट एकच, तिन्ही वेळा वाक्यं वेगळी झाली पाहिजेत. तीच आली तर ते पुन्हा पाठांतर झालं. आणि चौथ्या वेळी मी कणीक मळता मळता मधेच विचारलं, "थांब, मागच्या महिन्यापेक्षा जास्त की कमी?" ती आधी चिडली, मग उत्तर दिलं, मग कार्डावर नजर टाकून "अडकलं" वर परत आली. ही परत यायची प्रॅक्टिस कुणीच करत नाही. सगळे सरळ रस्त्यावर गाडी चालवायला शिकतात आणि मग खड्ड्यावर रडतात.

मनातल्या मनात तयारी करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. "मॅडम मी दहा वेळा वाचलंय." वाचलंस ना, बोललीस किती वेळा? जिभेला आणि घशाला त्या शब्दांची सवय लागलेली नसते आणि पहिलंच वाक्य चिरक्या आवाजात निघतं, ते ऐकून आपणच अजून घाबरतो.

दुसरी माझी आवडती चूक: "खोल श्वास घे." हा सल्ला देणारे सगळे प्रेमळ असतात पण अर्धवट सांगतात.

भाचीच्या त्या मीटिंगमध्ये बोलणारे अकरा जण आणि हिचा नंबर नववा. म्हणजे जवळजवळ अर्धा तास आपली पाळी येण्याची वाट बघत बसायचं, जे माझ्या मते बोलण्यापेक्षा भयंकर असतं. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं म्हणून ती खोल, मोठे, भराभर श्वास घेत बसली. पाचेक मिनिटांत डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या, ओठांभोवती मुंग्या, छातीत काहीतरी अडकल्यासारखं. तिला वाटलं हार्ट अटॅक येतोय. कॅमेरा बंद करून मला फोन, "मावशी, मला काहीतरी होतंय गं."

आधीच घाबरलेला माणूस भराभर श्वास घेत असतो, त्यात अजून मोठे श्वास ओढले तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, आणि त्यानेच चक्कर आणि मुंग्या येतात. म्हणजे भीती कमी करायला जे केलं त्यानेच भीतीची लक्षणं वाढली. भर श्वास सोडण्यावर हवा. नाकाने सावकाश चार आकडे मोजत आत, पोट फुगू दे, खांदे वर नकोत, आणि मग सहा ते आठ आकडे मोजत बाहेर, गरम चहावर फुंकर मारतो तितक्या हळू. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा वेळ लांबवायचा. पाच-सहा वेळा पुरे. मुंग्या यायला लागल्या तर समजायचं की जास्त ओढतोय, आकडे मोजणं सोडून साधा श्वास चालू ठेवायचा. (छातीत खरंच दुखत असेल, ते हातात किंवा जबड्यात जात असेल तर मात्र माझा लेख वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.)

आणि हे मीटिंगच्या आधी पाच मिनिटं शिकून जमत नाही. आठवडाभर रात्री झोपताना करा, मग ऐनवेळी शरीराला ओळखीचं वाटतं. पण नाही, सगळ्यांना दोन मिनिटांतली ट्रिक हवी असते.

त्या नवव्या नंबरवर माझा उपाय साधा आहे. आपली पाळी यायच्या आधीच एकदा तोंड उघडायचं. पहिल्या पाच मिनिटांत कुणाला तरी छोटा प्रश्न, किंवा "हो, ती फाइल मला मिळाली" इतकंच. आवाज एकदा खोलीत फिरून आला की नंतर तो परका वाटत नाही. वर्गात मी मुलांना सांगते की दहा मिनिटं आधी जा, फळ्यावर तारीख, इयत्ता, विषय स्वतः लिहा, दोन मुलांना नावं विचारा. हाताला काम मिळतं आणि ती दहा सेकंद वर्गाकडे पाठही असते, जी फार मोलाची असते हो.

"शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावणं हीपण चूकच. धडधड चालू असताना शरीर शांत होत नाही आणि मग आपण त्यातही नापास झालो असं वाटतं. हार्वर्डच्या एका संशोधिकेने 2014 मध्ये प्रयोग छापले होते, त्यात भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. मला सुरुवातीला ते बाळबोध वाटलं. पण विचार करा, लग्नात वरात दारात येते तेव्हाची धडधड आणि ही धडधड यात शरीराच्या बाजूने फारसा फरक नसतो. मी स्वतः दोन जिने चढून-उतरून येते, म्हणजे धडधडीला निदान काहीतरी कारण मिळतं.

माफी मागून सुरुवात: "सॉरी, मी जरा नर्व्हस आहे." कुणी विचारलं होतं का? आत जितकं वादळ असतं त्यातलं फार थोडं बाहेर दिसतं. भाचीचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, तिने स्वतःच्या थरथरीला दहापैकी नऊ दिले, तिच्या आईने तीन. आणि आई माझी बहीण आहे, मार्क द्यायला अतिशय कडक.

बाकीच्या पटापट सांगते. रिकाम्या पोटी तिसरा चहा घेऊ नका, हात थरथरतातच त्यात ती भर. त्यापेक्षा तासभर आधी थोडे पोहे खा. सुटा ए-फोर कागद हातात धरू नका, बोटांची बारीक थरथर त्याच्या टोकाला चौपट दिसते, जाड कार्ड घ्या. तोंड कोरडं पडतं कारण भीतीत लाळ कमी सुटते, तेव्हा फ्रीजचं पाणी गटागटा न पिता साध्या पाण्याचे घोट घ्या. मी आधी खडीसाखरेचा खडा चघळते. गुडघे ताठ करून उभं राहू नका.

आणि मित्राने दिलेली "धडधड कमी करायची गोळी" तर अजिबात नाही. प्रोप्रानोलोल असते ती बहुतेक वेळा, डॉक्टर काही जणांना देतातही, पण दमा असणाऱ्याला ती धोक्याची आहे. या भीतीपायी तुम्ही नोकरी बदलायचा, कॉलेज सोडायचा विचार करत असाल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, खडीसाखरेने ते जायचं नाही.

शेवटची एक, जी बोलून झाल्यावर होते. खाली बसल्या बसल्या शेजारच्याला "कसं झालं? वाईट झालं ना?" विचारणं. अंगातला तो जोर उतरायला वेळ लागतो आणि तोवर सगळं वाईटच झालेलं वाटतं. भाचीने त्या पुढच्या सोमवारी मीटिंग संपताच मला मेसेज केला, "मावशी, सगळी वाट लागली." मी उत्तर दिलं नाही, आधी जेव म्हटलं. दुपारी तिचा परत मेसेज, "एक शब्द विसरले फक्त." कुठला म्हणून विचारलं तर म्हणे, "हवंय".

म्हणजे काय काम झालं आणि काय अडकलं ते सांगून आली, कुणाकडून काय हवंय ते राहिलंच. मग तेवढं तिने मेलवर मागून घेतलं.