टेबलवरून मोलर मास काढताना या चुका टाळा

बारावीच्या रसायनशास्त्रातल्या सोल्यूशन्स या धड्यातलं मोलर मासचं सूत्र मुलांना पाठ असतं. एका ओळीचं गणित दिलं तर उत्तरही बरोबर येतं. पण प्रयोगाच्या पाच-सहा ओळींचं टेबल समोर ठेवून ‘मोलर मास काढा’ म्हटलं की बहुतेक जण त्यातली एक ओळ उचलतात आणि सूत्रात टाकतात. बाकीच्या ओळी कशासाठी दिल्यात, हे कोणी विचारत नाही. बॉयलिंग पॉइंट आणि ऑस्मॉटिक प्रेशर या दोन्ही प्रकारांत मी तपासलेल्या वह्यांमधल्या मोठ्या चुका याच घाईतून आलेल्या आहेत.

शुद्ध पाण्याची ओळ सोडून १०० धरणे

ही चूक बघून मला खरोखर त्रास होतो, कारण ती करायला टेबलकडे दुर्लक्ष करावं लागतं. रत्नागिरीत आषाढातल्या एका प्रॅक्टिकलला दोन मुलींनी ग्लुकोजचा प्रयोग केला. १०० ग्रॅम पाणी, त्यात ग्लुकोज वाढवत जायचं आणि दर वेळी उकळतं तापमान ०.०१ अंशापर्यंत दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरने नोंदवायचं. त्यांचं टेबल असं होतं:

| ग्लुकोज (ग्रॅम) | उकळतं तापमान (°से) |
|---|---|
| ० | ९९.७५ |
| ३.० | ९९.८४ |
| ६.० | ९९.९२ |
| ९.० | १००.०१ |
| १२.० | १००.०९ |

रीडिंग इतकी स्वच्छ होती की मला आनंद झाला. थोड्या वेळाने त्यातली एक वही घेऊन आली. “मॅडम, एका ओळीवरून ४६०८ येतंय आणि दुसरीवरून ६८३. सरासरी घेऊ का?”

ग्लुकोजचं मोलर मास १८० ग्रॅम प्रति मोल. दोघींनी शुद्ध पाण्याचा बॉयलिंग पॉइंट १०० धरला होता, कारण तो शाळेपासून १०० आहे. मग ३ आणि ६ ग्रॅमच्या ओळींत वाढ वजा आली, म्हणून त्या ओळी ‘चुकीचं रीडिंग’ असं लिहून खोडल्या. ९ ग्रॅमला वाढ ०.०१ आली, १२ ग्रॅमला ०.०९. सूत्र अचूक, आकडेमोड अचूक, आणि दोन चांगली रीडिंग खोडलेली.

भिंतीवरचा बॅरोमीटर त्या दिवशी १००४ मिलिबारच्या आसपास होता. पाणी बरोबर १०० अंशांना उकळतं ते १०१३ मिलिबारला. त्याच्या जवळपास दाब एक मिलिबारने उतरला की बॉयलिंग पॉइंट साधारण ०.०२८ अंशाने उतरतो. नऊ मिलिबारचा फरक म्हणजे पाव अंश. पावसाळ्यात आपल्या किनारपट्टीवर दाब असा उतरलेला असतोच. घाट चढून कोल्हापूरला गेलात तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. रोजच्या जेवणात पाव अंशाने काही बिघडत नाही. पण इथे आपण मोजतोय तीच वाढ पाव अंशाची आहे.

म्हणून शून्य ग्रॅमची ओळ हीच तुमची सुरुवात. त्या दिवशी, त्या थर्मामीटरवर शुद्ध सॉल्व्हंट जे तापमान दाखवतो तेच वजा करायचं. थर्मामीटर अंशाचा दहावा भाग जास्त दाखवत असला तरी चालेल, तो दोन्ही रीडिंगमध्ये जास्त दाखवेल आणि वजाबाकीत निघून जाईल. याच टेबलवरून १२ ग्रॅमला वाढ येते ०.३४ अंश:

```
M = (Kb × 1000 × w) / (ΔTb × W)
  = (0.512 × 1000 × 12) / (0.34 × 100)
  = 180.7 g/mol
```

इथे Kb हा पाण्याचा ठरलेला स्थिरांक, ΔTb म्हणजे उकळत्या तापमानातली वाढ, w म्हणजे विरघळवलेल्या पदार्थाचं वजन आणि W म्हणजे फक्त पाण्याचं. पूर्ण द्रावणाचं नाही. प्रश्नात ‘१०० ग्रॅम द्रावणात ९ ग्रॅम’ असं असेल तर W हे ९१ घ्यायचं. हा फरक वाचण्यातला आहे, रसायनशास्त्रातला नाही, आणि त्यावर दरवर्षी गुण जातात.

आता ३ ग्रॅमची ओळ घ्या. वाढ ०.०९, मोलर मास १७१. रीडिंग एका शेवटच्या अंकाने कमी आलं असतं, ०.०८, तर मोलर मास १९२ झालं असतं. म्हणजे पहिल्या ओळीत थर्मामीटरचा शेवटचा अंक उत्तर वीस-एकवीस ग्रॅमने हलवतो. १२ ग्रॅमच्या ओळीत तोच अंक पाच-सहा ग्रॅमच हलवतो. त्यामुळे सोपी दिसते म्हणून पहिली ओळ उचलणाऱ्यांनी टेबलातली सर्वात कच्ची ओळ उचललेली असते. मी स्वतः नेहमी आलेख काढते. आडव्या अक्षावर ग्रॅम, उभ्यावर तापमान, पाचही बिंदूंमधून एक सरळ रेषा. तिचा चढ इथे दर ग्रॅमला ०.०२८३ अंश येतो आणि त्यावरून १८०.७ मिळतात. शेवटचे बिंदू रेषेच्या वर वाकायला लागले तर समजा की उकळताना वाफ निघून पाणी कमी झालंय आणि द्रावण तुमच्या नोंदीपेक्षा दाट झालंय. हे एका ओळीवरून कधीच कळणार नाही.

ΔTb मध्ये २७३ मिळवणे

वाढ ही दोन तापमानांतली वजाबाकी आहे. ०.२६ अंश सेल्सिअसची वाढ म्हणजे ०.२६ केल्विनचीच वाढ. २७३ मिळवलेत तर ग्लुकोजचं मोलर मास ०.१७ येतं, हायड्रोजनच्या अणूपेक्षाही हलकं. ऑस्मॉटिक प्रेशरमध्ये मात्र T केल्विनमध्येच हवं, तिथे २७३ विसरू नका.

ऑस्मॉटिक प्रेशरच्या ओळींची सरासरी घेणे

ही चूक हुशार मुलंसुद्धा करतात, आणि ‘सगळ्या ओळी वापरल्या’ या समाधानात करतात. टोल्युइनमध्ये विरघळवलेल्या एका पॉलिमरचं २९८ केल्विनचं टेबल मी वर्गात सोडवायला देते ते असं, त्यात c म्हणजे द्रावणाची तीव्रता आणि π म्हणजे ऑस्मॉटिक प्रेशर:

| c (ग्रॅम प्रति लिटर) | π (पास्कल) | π/c |
|---|---|---|
| २ | ८९ | ४४.५ |
| ४ | १८९ | ४७.३ |
| ६ | ३०२ | ५०.३ |
| ८ | ४२६ | ५३.३ |

तिसरा रकाना प्रश्नात नसतो, तो आपण काढायचा. मुलं तो न काढता πV = nRT धरून प्रत्येक ओळीचं मोलर मास काढतात. ५५,७००, ५२,४००, ४९,२०० आणि ४६,५०० येतं. मग सरासरी, सुमारे ५१,०००, आणि खाली दोन रेघा.

त्या चार उत्तरांकडे क्षणभर बघा. ती इकडेतिकडे विखुरलेली नाहीत, एकाच दिशेने उतरत चालली आहेत. हाताच्या चुकीने आकडे वर-खाली होतात, असे पायरीपायरीने उतरत नाहीत. सरासरी विखुरलेल्या आकड्यांची घेतात. उतरणाऱ्या आकड्यांना विचारायचं असतं की का उतरताय.

कारण असं की π = cRT/M हे समीकरण अतिशय विरळ द्रावणालाच लागू पडतं. पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या बरीच जागा अडवतात. द्रावण दाट होत गेलं की त्या एकमेकींच्या वाटेत येतात आणि चांगल्या सॉल्व्हंटमध्ये दाब अपेक्षेपेक्षा जास्त वाढतो. म्हणून समीकरणात एक पद वाढतं:

```
π/c = RT/M + B·c
```

c शून्याकडे नेलं की B चं पद नाहीसं होतं आणि उरतं ते RT/M. म्हणजे π/c चा आलेख c विरुद्ध काढायचा, रेषा मागे शून्यापर्यंत वाढवायची आणि उभ्या अक्षावर ती जिथे कापते तो आकडा घ्यायचा. इथे तो ४१.५ येतो. RT म्हणजे ८.३१४ × २९८, सुमारे २४७८. भागाकार ५९.७. एककाचं खाली सांगते, ग्रॅममध्ये हे सुमारे ६०,००० होतात.

सरासरीने ५१,००० आणि आलेखाने सुमारे ६०,०००. पंधरा टक्क्यांचा फरक, तोही एकही रीडिंग चुकलेलं नसताना.

आलेख काढणाऱ्यांचीही एक ठरलेली चूक आहे. कागद वाचवायला आडवा अक्ष २ पासून सुरू करतात आणि डाव्या कडेला रेषा जिथे दिसते तो आकडा उचलतात. तो c = २ चा आकडा असतो, ४४.५, आणि तुम्ही परत ५५,७०० वर येता. अक्ष शून्यापासूनच काढा, डावीकडचा भाग रिकामा राहिला तरी राहू द्या.

परीक्षेत आलेखाला वेळ नसेल तर मी मुलांना एक हिशेब करायला लावते. पहिल्या आणि शेवटच्या ओळीत π/c किती वाढला? ८.७५, सहा ग्रॅममध्ये, म्हणजे दर ग्रॅमला १.४६. पहिल्या ओळीपासून शून्य दोन ग्रॅम मागे आहे, म्हणून ४४.५ मधून २.९२ वजा करा. ४१.६ उरतात. दोन मिनिटांचं काम आहे आणि उत्तर आलेखाच्या अगदी जवळ येतं. शॉर्टकटला माझा विरोध नाही, पण तो टेबलच्या दोन्ही टोकांना हात लावणारा हवा.

आता त्या ५९.७ ला एकक काय? ग्रॅम प्रति लिटर म्हणजेच किलोग्रॅम प्रति घनमीटर. दाब पास्कलमध्ये आणि R ८.३१४ घेतला की मोलर मास किलोग्रॅम प्रति मोल येतं. ५९.७ ग्रॅम प्रति मोल लिहिणाऱ्याने पॉलिमरला बेंझिनपेक्षा हलकं करून टाकलेलं असतं. बेंझिन ७८ आहे. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये असेल तर R ०.०८२१ आणि c ग्रॅम प्रति लिटरमध्ये, मग उत्तर थेट ग्रॅममध्ये. दोन R ची सरमिसळ करू नका.

कधी π ऐवजी नळीतल्या द्रावणाची उंची दिलेली असते. तेव्हा π = hρg, आणि ρ त्या द्रावणाची घ्यायची, पाऱ्याची नाही. विरळ द्रावणाला टोल्युइनची ८६२ किलोग्रॅम प्रति घनमीटर ही घनता चालते. ४२६ पास्कल म्हणजे सुमारे ५ सेंटिमीटर उंची, साध्या पट्टीने मोजता येते. याच द्रावणाचा बॉयलिंग पॉइंट मोजायला गेलात तर वाढ अंशाच्या अर्ध्या हजाराव्या भागाइतकी येईल, ती आपल्या थर्मामीटरवर दिसणारही नाही. पॉलिमर आणि प्रथिनांसाठी ऑस्मॉटिक प्रेशर वापरतात ते याचसाठी.

i विसरणे

मीठ पाण्यात दोन आयनांत फुटतं, त्यामुळे i, म्हणजे एका रेणूमागे द्रावणात किती कण होतात तो आकडा, न घेता काढलेलं मोलर मास ५८.५ च्या जवळजवळ निम्मं येतं. बेंझिनमधल्या बेंझॉइक ॲसिडचं उलट होतं, रेणू जोडीने राहतात आणि १२२ च्या जागी २४२ च्या आसपास आकडा दिसतो. प्रयोगाला शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ आणू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि मग तुम्ही काढलेला आकडा कोणत्याच एका पदार्थाचा नसतो. पॉलिमरच्या ६०,००० बद्दलही हे लक्षात ठेवा की नमुन्यात लहान-मोठ्या साखळ्या मिसळलेल्या असतात. ऑस्मॉटिक प्रेशर रेणूंची संख्या मोजतो, म्हणून मिळतं ते संख्येनुसारचं सरासरी मोलर मास, आणि उत्तरात तसं लिहायचं.