पाणीपुरीच्या एका प्लेटमागे किती सुटतात, हे कसं काढायचं

माझी मावशी गेली सहा वर्षं कर्वेनगरात पाणीपुरीची गाडी लावते. सहा पुऱ्यांची प्लेट ३० रुपयांना. "मावशी, एका प्लेटमागे किती सुटतात गं?" असं विचारलं की ती म्हणायची, "वीस तरी सुटत असतील." पुरीचे चार, बटाट्याचे दोन, पाण्याचे दोन आणि किरकोळ दोन, असा तिचा तोंडी हिशेब होता. पण महिनाअखेरीला तेवढे पैसे हातात कधी दिसायचे नाहीत. शेवटी एका मंगळवारी मी तिच्याबरोबर दुपारपासून गाडी आवरेपर्यंत थांबले आणि आम्ही एकेक गोष्ट मोजली. तीच पद्धत इथे देते आहे. भाव तुमचे तुम्ही घाला.

दिवस साधा निवडा. शनिवार-रविवार किंवा सणाचा दिवस घेतलात तर आकडे फुगतात. त्या दिवशी पार्सल वेगळं मांडा, कारण पार्सलला पाणी जास्त जातं आणि पिशव्यांचा खर्च निराळा असतो.

आधी प्लेटी मोजा

गर्दीच्या वेळी वहीत रेघा मारायला हात मोकळा नसतो. आम्ही चिंचेच्या पाण्यासाठी चिंच कोळली होती, तिचेच चिंचोके धुऊन एका वाटीत ठेवले. प्लेट दिली की एक चिंचोका गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायचा. रात्री डब्यात ८० चिंचोके निघाले. रोख आणि मोबाइलवर आलेले पैसे मिळून २,४०० झाले, म्हणजे मेळ बसला. मेळ बसला नाही तर पुढे जाऊ नका, कारण बाकी सगळ्या खर्चाला याच आकड्याने भागायचं आहे.

पुऱ्या: खरी गळती इथे आहे

मावशी शंभर पुऱ्यांचं पाकीट ७० रुपयांना घेते, म्हणजे पुरी ७० पैशांना पडली. सहा पुऱ्यांचे चार रुपये वीस पैसे. तिचे "पुरीचे चार" आले ते इथून. पण गिऱ्हाइकाच्या पोटात सहा जातात म्हणून पाकिटातून सहाच कमी होतात, असं नाही.

त्या दिवशी सात पाकिटं फोडली आणि रात्री ४१ पुऱ्या उरल्या. म्हणजे ६५९ पुऱ्या गेल्या. सहाप्रमाणे ८० प्लेटींच्या ४८०, वर प्रत्येकाला शेवटी एक सुकी पुरी, त्या ८०. "मावशी, अजून एक द्या ना" म्हणणाऱ्यांना आणि लहान पोरांना दिलेल्या २६. उरलेल्या ७३ तुटलेल्या, चपट्या किंवा सादळलेल्या होत्या, आणि पाकिटात मुळातच कमी भरलेल्याही त्यातच आल्या. एकूण ६५९ ला ८० ने भागलं की प्लेटमागे सव्वाआठ पुऱ्या होतात आणि खर्च जातो पाच रुपये ७७ पैशांवर.

हे मोजायचं असेल तर तुटलेली पुरी फेकू नका, एका डब्यात टाकत राहा आणि रात्री मोजा. तुटण्याची जागाही शोधता येते. पाकिटाच्या तळाशी चुरा असेल तर ती वाहतुकीत मोडली आहे. आमच्याकडे स्कूटरच्या पायाशी पाकिटांवर बटाट्याची पिशवी ठेवली जायची, ती मागे बांधल्यावर चुरा कमी झाला. अंगठ्याने भोक पाडताना पुरी उभी चिरत असेल, तर ती एका बाजूने पातळ लाटली गेली आहे आणि दोष माल देणाऱ्याकडचा आहे. आणि पुरी भोक पडताना कुरकुरत नसेल, नुसती दबत असेल, तर ती सादळली आहे. अशी पुरी पाणी भरताच द्रोणात गळते आणि गिऱ्हाईक दुसरी मागतं, तेव्हा तिच्याबरोबर सारणही दोनदा जातं. पावसाळ्यात म्हणूनच एका वेळी एकच पाकीट उघडावं आणि बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. आठवड्यातून एकदा कुठलंही एक पाकीट उघडून पुऱ्या मोजा. आमच्या एका पाकिटात ९४ निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते सांगितल्यावर पुढची पाकिटं बरोबर यायला लागली.

बटाटा आणि रगडा

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आणलेला बटाटा त्या दिवशी ३० रुपये किलो होता. चार किलो बटाटा १२० रुपयांचा आणि पाऊण किलो पांढरे वाटाणे ७० रुपयांचे. उकडून, सोलून, डोळे आणि हिरवट भाग काढल्यावर बटाटा साडेतीन किलो राहिला. वाटाणा शिजून फुगतो, त्यामुळे सारण मिळून सव्वापाच किलोच्या आसपास झालं. रात्री पाव किलो उरलं, ते टाकून दिलं. उकडलेला बटाटा दुसऱ्या दिवशी आंबूस लागतो, तो वापरू नये. १९० रुपये भागिले ८०, म्हणजे प्लेटमागे दोन रुपये ३८ पैसे.

मला इथे एक गोष्ट पाहायची होती. संध्याकाळी सहाला मावशीने भरलेल्या दहा पुऱ्यांतलं सारण काढून वजन केलं, ते ८० ग्रॅम भरलं. आठ वाजता, सहा माणसं द्रोण धरून उभी असताना, परत दहा पुऱ्यांचं केलं. ते ११० ग्रॅम भरलं. घाईत अंगठा सारणात खोल जातो आणि भरणाऱ्याला ते कळतही नाही. सगळी संध्याकाळ ११ ग्रॅमने भरलं असतं तर ८० प्लेटींना सव्वा-दीड किलो सारण जादा लागलं असतं आणि शेवटच्या गिऱ्हाइकांना रिकाम्या पुऱ्या मिळाल्या असत्या.

बटाटा महागला की मावशी हवालदिल होते. पण चार किलोला किलोमागे दहा रुपये चढले तर ४० रुपये वाढतात, म्हणजे प्लेटमागे ५० पैसे. त्या दिवशी वाया गेलेल्या ७३ पुऱ्यांचे ५१ रुपये झाले, म्हणजे प्लेटमागे ६४ पैसे. बटाट्याचा भाव आपल्या हातात नाही, पाकिटं कशी आणायची ते आहे.

पाणी

"पाण्याला काय लागतं?" असं सगळे म्हणतात. वीस लिटरचे दोन जार ७० रुपयांचे. त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग गिऱ्हाइकांना प्यायला आणि हात धुवायला गेला. पण पाण्याला चव आणणाऱ्या मालाचे ३०५ रुपये झाले: पुदिना ६०, कोथिंबीर ४५, मिरची २०, चिंच, गूळ आणि खजूर ११०, काळं मीठ आणि मसाला ४०, बर्फ ३०. एकूण ३७५, म्हणजे प्लेटमागे चार रुपये ६९ पैसे. मावशीच्या तोंडी हिशेबात याचे दोनच रुपये धरलेले होते. बटाटा-वाटाण्याच्या जवळजवळ दुप्पट खर्च पाण्याला लागतो, हे तिला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

गॅस आणि द्रोण

गॅस एका दिवसात मोजायला जाऊ नका. टाकी काट्याला लटकवली तरी दिवसाचा फरक किलोच्या आत असतो आणि साध्या काट्यावर तो नीट दिसत नाही. त्याऐवजी टाकी लावल्याची आणि संपल्याची तारीख लिहा आणि मधल्या प्लेटी मोजा. आमची १९ किलोची व्यावसायिक टाकी १,८०० रुपयांना आली होती आणि १,८९० प्लेटींना पुरली, म्हणजे प्लेटमागे ९५ पैसे. यातला मोठा वाटा उकडण्याचा नाही, रगडा संध्याकाळभर मंद आचेवर ठेवण्याचा आहे. जाड बुडाचं पातेलं घेऊन त्यावर झाकण ठेवलं तर गर्दी नसताना शेगडी बंद ठेवता येते. घरची लाल टाकी गाडीवर वापरू नका, धंद्याला ती चालत नाही. आणि व्यावसायिक टाकीवर घरचा चहाही करू नका, नाहीतर हा आकडा खोटा ठरतो.

द्रोण शंभराला ५० रुपये. ८० प्लेटींना ९७ द्रोण गेले. काही जोडीने चिकटून निघाले, काही वाऱ्याने उडाले, काहींनी सुक्या पुरीसाठी दुसरा मागितला. प्लेटमागे ६१ पैसे. प्लॅस्टिकचा थर दिलेले द्रोण स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, राज्यात त्यांच्यावर बंदी आहे आणि एका दंडात महिनाभराची बचत जाते.

बेरीज

सुक्या पुरीवरची शेव आणि कांदा ६० रुपयांचा, म्हणजे प्लेटमागे ७५ पैसे. सगळं मिळून प्लेटचा खर्च पंधरा रुपये १५ पैसे. ३० मधून वजा जाता १४ रुपये ८५ पैसे राहतात.

पण हाही अजून मावशीचा नफा नव्हे. हाताखालच्या मुलाचे ३०० रुपये, दिवा आणि पेट्रोल मिळून १०० रुपये, असे ४०० रुपये एकही प्लेट गेली नाही तरी द्यावेच लागतात. ८० प्लेटींवर ते पाच रुपये पडतात. मग उरतात नऊ रुपये ८५ पैसे, दिवसाला ७८८ रुपये. यातच मावशीची स्वतःची नऊ तासांची मजुरीही आली.

आता हेच आकडे पावसाच्या दिवसाला लावून बघा. सारण आणि पाणी ८० प्लेटींचं केलं आणि सातला सर आली म्हणून ५० च प्लेटी गेल्या. तयार केलेला ५६५ रुपयांचा माल आता ५० वर भागायचा, म्हणजे सातऐवजी प्लेटमागे ११ रुपये ३० पैसे. गॅस दीड रुपया होतो. पुऱ्या, द्रोण आणि शेव तेवढेच राहतात. खर्च जवळजवळ २० रुपयांवर जातो आणि वरचे ४०० रुपये प्लेटमागे आठ रुपये पडतात. उरतात दोन रुपये, म्हणजे दिवसभराचे शंभर.

म्हणून मावशी आता पाणी दोनदा करते. पुदिना, कोथिंबीर आणि मिरचीचं घट्ट वाटण दुपारी एकदाच वाटून बर्फावर ठेवते, पण त्यात पाणी घालते फक्त चाळीस प्लेटींपुरतं. बटाटाही अर्धाच सोलते, बाकीचा सालीसकट ठेवते, तो रात्री घरी भाजीला चालतो. साडेसहाला सिंहगडाच्या बाजूला आभाळ बघते, डब्यातले चिंचोके मोजते आणि मग ठरवते की दुसरं पातेलं भरायचं की नाही.